फुकटचा वेग, पण फक्त पूर्वेकडे

अमेरिकेचे दोन गजबजलेले प्रक्षेपण तळ देशाच्या दोन टोकांना आहेत. एक फ्लोरिडात, अटलांटिकच्या काठावरचा केप कॅनाव्हरल. दुसरा कॅलिफोर्नियात, पॅसिफिकच्या काठावरचा व्हँडेनबर्ग. दूरसंचाराचे बहुतेक मोठे उपग्रह केपहून जातात. जमिनीचे फोटो काढणारी लँडसॅट मालिका मात्र पहिल्यापासून व्हँडेनबर्गहून गेली आहे. असं का? ‘विषुववृत्ताजवळून सोडलं की इंधन वाचतं’ हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. ते बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेला अर्धा भाग जास्त मजेशीर आहे.

आधी ऐकलेला अर्धा भाग बघू. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर उभा असलेला माणूस काहीही न करता सेकंदाला ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. उत्तरेला सरकावं तसं अक्षांशाचं वर्तुळ लहान होत जातं आणि हा वेगही घटतो. केप २८.५ अंश उत्तरेला आहे, तिथे तो ४०८ मीटर उरतो. व्हँडेनबर्ग ३४.७ अंशांवर, तिथे ३८२. म्हणजे रॉकेट तळावर नुसतं उभं असतं तेव्हाही त्याच्या खात्यात एवढा वेग जमा असतो.

आता खर्च किती ते पाहू. ७०० किलोमीटर उंचीवर फिरत राहायला सेकंदाला साधारण ७,५०० मीटर वेग लागतो. केपहून थेट पूर्वेकडे निघालात तर त्यातले ४०८ आधीच मिळालेले असतात, रॉकेटला कमवायचे उरतात सुमारे ७,०९०. (वर चढताना गुरुत्वाकर्षण आणि हवा यांच्याशी झगडण्यात जाणारा वेग वेगळा. तो दोन्ही तळांवर साधारण सारखाच, म्हणून बाजूला ठेवू.)

४०८ मीटर हा आकडा किरकोळ वाटतो ना? पण रॉकेटचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. जास्तीचा वेग हवा तर जास्तीचं इंधन, आणि ते इंधन उचलायला आणखी इंधन. रॉकेटमधून वायू सेकंदाला ३,४०० मीटर वेगाने बाहेर पडतो असं धरलं, तर ४०८ मीटर स्वतः कमवायला तेच रॉकेट सुरुवातीला जवळपास १३ टक्के जड असावं लागतं. प्रत्यक्षात रॉकेट ठरलेल्या मापाचंच असतं, त्यामुळे तूट उपग्रहाच्या वजनातून भरून निघते. फाल्कन ९ चं उड्डाणाच्या वेळचं वजन सुमारे ५४९ टन असतं आणि पहिला टप्पा परत आणायचा नसेल तर ते खालच्या कक्षेत जास्तीत जास्त २२.८ टन नेतं. मुळात ४ टक्के हातात, त्यात ही काटछाट.

पण मग लॅटिन अमेरिकेतलं कुरू, जे विषुववृत्तापासून जेमतेम ५ अंशांवर आहे, ते केपपेक्षा किती सरस? फुकटच्या वेगात फरक फक्त ५५ मीटरचा. कुरूचा खरा फायदा दुसरीकडे आहे. कोणतीही कक्षा पृथ्वीच्या केंद्राभोवतीच असते आणि रॉकेट जिथून सुटलं त्या अक्षांशावरून तिला जावंच लागतं. त्यामुळे केपहून सरळ सोडलेल्या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताला किमान २८.५ अंश तिरकी असते. टीव्हीचे भूस्थिर उपग्रह मात्र बरोबर विषुववृत्तावर हवेत. ही तिरकस कक्षा नंतर सरळ करावी लागते. शेवटच्या टप्प्यातल्या या कामाला केपहून निघालेल्या उपग्रहाला सेकंदाला साधारण १,८०० मीटर वेग खर्चावा लागतो, कुरूहून निघालेल्याला साधारण १,५००. खरी बचत ती ३०० मीटरची.

आता दुसरा अर्धा भाग. समजा, तुम्हाला उपग्रह ध्रुवांवरून फिरवायचा आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण. पृथ्वी खाली फिरत राहते आणि उपग्रहाला हळूहळू सगळं जग दिसतं. यासाठी पूर्वेकडचा वेग कामाचा नाही. उलट तो पुसून टाकावा लागतो. पण पुसायला फार खर्च येतो असं समजू नका. व्हँडेनबर्गहून दक्षिणेकडे ७,५०० हवेत आणि पश्चिमेकडे ३८२. दोन्ही एकमेकांशी काटकोनात आहेत, म्हणून पायथागोरसने एकत्र केले की होतात साधारण ७,५१०. दंड फक्त १० मीटरचा! खरं नुकसान आहे ते ४०८ मीटरचं बक्षीस न मिळण्याचं.

लँडसॅट ९ ची कक्षा ७०५ किलोमीटरवर आहे आणि ती ध्रुवीय असूनही किंचित पश्चिमेला झुकलेली, ९८.२ अंशांची. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्यामुळे अशी कक्षा रोज साधारण एक अंश वळत राहते आणि सूर्याशी जुळून राहते. म्हणून तो विषुववृत्त ओलांडतो तेव्हा तिथे नेहमी सकाळचे दहाच्या आसपास वाजलेले असतात आणि सावल्या तुलना करता येतील अशा राहतात. या झुकावामुळे खर्च सुमारे ७,५८० वर जातो. हाच उपग्रह विषुववृत्तावरून सोडला असता तर? तोच आकडा, सुमारे ७,५८०. म्हणजे ध्रुवीय कक्षेसाठी अक्षांशाला जवळपास किंमतच नाही.

मग किंमत कशाला? रॉकेटच्या वाटेखाली काय आहे त्याला. रिकामे टप्पे खाली पडतात, कधी सगळं रॉकेटच पडतं. केपच्या पूर्वेला मोकळा समुद्र आहे, पण दक्षिणेला मायामी आणि पुढे क्युबा. ३० नोव्हेंबर १९६० ला केपहून सुटलेलं थॉर रॉकेट बिघडलं आणि त्याचे तुकडे क्युबावर पडले. एक गाय मेल्याची बातमी आली, क्युबाने निषेध केला. व्हँडेनबर्गपाशी मात्र किनारा पूर्वेकडे वळतो, त्यामुळे दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत पाणीच पाणी. उलट तिथून पूर्वेकडे सोडायचं म्हटलं तर खाली अख्खी अमेरिका.

फेब्रुवारी १९६९ नंतर केपहून ध्रुवीय उड्डाणं थांबली ती थेट ३० ऑगस्ट २०२० पर्यंत. त्या दिवशी फाल्कन ९ ने अर्जेंटिनाचा साधारण ३ टनांचा साओकॉम १बी नेला. रॉकेट आधी किनाऱ्यापासून लांब गेलं आणि मग दक्षिणेकडे वळलं. पहिला टप्पा क्युबापर्यंत गेलाच नाही, तो केपला परत येऊन उतरला. मार्ग चुकला तर रॉकेटने स्वतःच स्वतःला नष्ट करावं, अशी यंत्रणाही आता असते. पण वाटेत वळायला इंधन लागतंच. उपग्रह हलका होता म्हणून ते परवडलं.

श्रीहरिकोटाहून दक्षिणेकडे निघालेलं आपलं पीएसएलव्ही श्रीलंका टाळायला असंच वळसा घालतं. तमिळनाडूतल्या कुलशेखरपट्टिणमला लहान रॉकेटांसाठी नवा तळ उभा राहतोय, तो याच कारणासाठी. तिथून दक्षिणेला सरळ समुद्र आहे आणि लहान रॉकेटला वळसा अजिबात परवडत नाही.