बदलते आकडे आणि कायमची नोंद

साठ फासे टाकून किती वेळा सहा पडतात, हे पाहावयाचे आहे. फासे जवळ नसतील तर एक्सेलच्या कोष्टकात ते काम होते. A1 ते A60 या चौकटींत पहिले सूत्र लिहा आणि B1 मध्ये दुसरे.

```
=INT(6*RAND())+1
=COUNTIF(A1:A60,6)
```

RAND शून्यापासून एकपर्यंतची, परंतु एकपेक्षा लहान, अशी एक यादृच्छिक संख्या देते. तिला सहाने गुणून अपूर्णांक टाकला व एक मिळवला, की फाशावरचा आकडा मिळतो. समजा, B1 मध्ये 12 आले. आता C1 मध्ये आपले नाव लिहून एंटर दाबा. B1 मध्ये कदाचित 8 दिसेल! फाशांना तर कोणी हात लावला नाही. मग असे का झाले?

चौकटीत आपण संख्या नव्हे, तर संख्या काढण्याची कृती लिहिली आहे. साधे सूत्र ज्या चौकटींवर अवलंबून असते, त्या बदलल्या तरच एक्सेल ते पुन्हा सोडवते. RAND मात्र कोणत्याच चौकटीवर अवलंबून नाही. म्हणून कोष्टकात कोठेही गणित झाले, की तिची किंमत नव्याने काढली जाते. जणू साठही फासे पुन्हा टाकले जातात.

TODAY चेही तसेच. ती दर वेळी संगणकाच्या घड्याळातील तारीख वाचते. ‘प्रयोगाची तारीख’ म्हणून =TODAY() लिहिले, तर त्या दिवशी चूक दिसतच नाही. पाच दिवसांनी कोष्टक उघडले, की प्रयोग आजच केल्यासारखा दिसतो. रोपाचे आजचे वय काढावयास TODAY योग्य, पण नोंदीच्या तारखेला नाही. तेथे Ctrl व ; या कळा एकत्र दाबा. आजची तारीख कायमची लिहिली जाईल.

फासे गोठवण्यासाठी A1 ते A60 निवडून Ctrl+C दाबा. निवड न बदलता Paste Special मधून Values निवडा. आता त्याच जागी सूत्रांऐवजी आकडे बसतील. केवळ B1 गोठवू नका. तसे केल्यास तेथे 12 राहील, परंतु A रकान्यातील फासे बदलत राहतील आणि बेरीज पडताळता येणार नाही. आकडे दुसऱ्या रकान्यात चिकटवले, तर मूळ रकाना लगेच बदलेल. दोन्ही जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. नोंद नव्या रकान्यातील धरावी.

काही जण आपोआप होणारे गणित बंद ठेवतात. ते गोठवणे नव्हे; F9 दाबताच आकडे बदलतात. हीच कळ आपली कसोटीही आहे. F9 दाबूनही आकडा हलला नाही, आणि वरच्या सूत्रपट्टीत सूत्राऐवजी नुसता आकडा दिसला, तर नोंद पक्की झाली. मात्र गोठवलेल्या चौकटीतील सूत्र नाहीसे होते, म्हणून पुढच्या फेरीसाठी ते वेगळ्या पानावर जपून ठेवावे.