डेकॅथलॉनमधील गुणांकन
डेकॅथलॉन ही दोन दिवसांत दहा क्रीडाप्रकारांची स्पर्धा असून तिच्यात क्रमांकाला नव्हे, तर जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या गुणतक्त्यातील एकूण गुणांना महत्त्व असते. प्रत्येक प्रकाराचे सूत्र वेगळे आहे. उंच उडीचे सूत्र पुढीलप्रमाणे आहे:

गुण = ०.८४६५ × (सेंटिमीटरमधील उंची − ७५)^१.४२

उत्तरातील अपूर्णांक सोडून दिला जातो.

भारताच्या तेजस्विन शंकर यांनी २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत ७,६६६ गुणांच्या राष्ट्रीय विक्रमासह रौप्यपदक मिळवले. ते मुळात उंच उडीपटू. तेथील त्यांच्या २.२१ मीटर उडीला १,००२ गुण मिळाले. आणखी ३ सेंटिमीटर चढल्यास केवळ २९ गुण वाढतात आणि त्या उंचीवर तेवढी प्रगती करण्यास अनेक वर्षे लागू शकतात. याउलट बांबू उडीत ४.०० मीटरला ६१७ आणि ४.३० मीटरला ७०२ गुण आहेत. १५०० मीटर धाव ४ मिनिटे ५० सेकंदांऐवजी ४ मिनिटे ४० सेकंदांत पूर्ण केल्यास ६१ गुण वाढतात. म्हणून सरावाचा वेळ बहुधा बलस्थानापेक्षा कच्च्या प्रकारांना दिला जातो. मात्र १५०० मीटरसाठी अंतर वाढवत नेल्यास वेग व उडीची ताकद घटण्याचा धोका असतो, त्यामुळे तो सराव मर्यादित ठेवतात.

बांबू उडीत आरंभीच्या उंचीवर तीनही प्रयत्न फसल्यास शून्य गुण मिळतात. त्यामुळे सावध खेळाडू आपल्या क्षमतेपेक्षा बरीच कमी उंची आरंभासाठी निवडतो.