गच्चीवरची टाकी आणि आठ चौकटी

रात्री पंप लावून माणूस झोपतो आणि पहाटे गच्चीवरून पाण्याच्या धारा लागलेल्या असतात. मोठ्या शहरांतल्या इमारतींना हे नवीन नाही. म्हणून टाकीत फ्लोट स्विच सोडतात. पाणी चढलं की फ्लोट वर येतो आणि पंप बंद होतो. पण एकाच फ्लोटवर काम भागत नाही. कुणी नळ सोडला, पाणी दोन बोटं उतरलं, की पंप पुन्हा चालू. क्षणात पुन्हा बंद. अशा धरसोडीत मोटर तापते. त्यामुळे दोन फ्लोट लावतात, एक टाकीच्या तळाजवळ आणि एक काठाजवळ. खालचा कोरडा पडला की पंप चालू व्हावा, वरचा भिजला की बंद व्हावा आणि पाणी दोघांच्या मध्ये असेल तर जे चाललंय तेच चालू राहावं.

इतका साधा नियम. पण तो सर्किटला समजेल अशा भाषेत, कमीत कमी गेट वापरून कसा मांडायचा? अभियांत्रिकीची मुलं ज्याला 'के-मॅप' म्हणतात, तो याच कामासाठी आहे. मॉरिस कार्नो या बेल लॅबोरेटरीजमधल्या अभियंत्याने १९५३ साली तो मांडला. त्याच्या आदल्या वर्षी एडवर्ड व्हीच याने असाच एक तक्ता सुचवला होता. कार्नोने त्यातल्या चौकटींचा क्रम बदलला, आणि हा क्रम हेच त्या नकाशाचं सगळं मर्म आहे.

टाकीचा नियम आधी हो-नाहीत उतरवू. खालचा फ्लोट भिजलेला असेल तर A = १, कोरडा असेल तर ०. वरचा भिजलेला असेल तर B = १. पंप या क्षणी चालू असेल तर C = १. 'जे चाललंय तेच चालू राहावं' असं म्हणायचं तर काय चाललंय ते सर्किटला कळायला हवं, म्हणून ही तिसरी माहिती लागते. उत्तर एकच हवं: पंप चालू ठेवायचा का? त्याला F म्हणू. तीन गोष्टी, प्रत्येकीच्या दोन अवस्था, म्हणजे एकूण आठ परिस्थिती. त्या आठ चौकटींत अशा बसतात:

```
         BC=००   BC=०१   BC=११   BC=१०
A=०        १       १       ×       ×
A=१        ०       १       ०       ०
```

वरच्या ओळीतल्या पहिल्या दोन चौकटी म्हणजे रिकामी टाकी. पंप चालू हवाच. खालच्या ओळीत पाणी मध्यावर असताना (B = ०) पंप बंद होता तर बंद राहतो, चालू होता तर चालू राहतो. वरचा फ्लोट भिजला की दोन्ही चौकटींत ०. उरल्या फुल्या. खालचा फ्लोट कोरडा आणि वरचा भिजलेला, असं होणारच नाही. पाणी तळ सोडून काठाला कसं लागेल? अशा चौकटींना पुस्तकात 'डोन्ट केअर' म्हणतात. तिथे ० धरा की १, आपल्याला सोयीचं असेल ते. या फुल्यांकडे पुन्हा वळायचं आहे.

स्तंभांचा क्रम नीट पाहायला हवा. ००, ०१, ११, १०. शाळेत शिकलेल्या मोजणीप्रमाणे ०१ नंतर १० यायला हवा होता. पण ०१ वरून १० वर जाताना दोन्ही आकडे बदलतात, ०१ वरून ११ वर जाताना एकच बदलतो. शेजारच्या कुठल्याही दोन चौकटींत एकाच गोष्टीचा फरक असावा, एवढ्यासाठी हा उलटापालट क्रम. मग शेजारच्या दोन चौकटींत उत्तर सारखंच असेल, तर जी गोष्ट बदलली तिचा उत्तराशी संबंध नाही हे डोळ्यांना दिसतं आणि ती सरळ गाळता येते. शेवटचा स्तंभ १० आणि पहिला ०० यांच्यातही फरक एकाचाच आहे. म्हणजे नकाशाचा उजवा काठ डाव्या काठाला चिकटलेला आहे. कागदाची सुरळी केली तर ते स्तंभ एकमेकांना भिडतील.

काही न सुटसुटीत करता एकेका १ साठी एक तुकडा लिहिला तर F = A'B'C' + A'B'C + AB'C असं सूत्र मिळतं. अक्षरावरचं चिन्ह म्हणजे 'नाही', शेजारी लिहिलेली अक्षरं म्हणजे 'आणि', अधिक म्हणजे 'किंवा'. सर्किट काढलं तर तीन नॉट गेट, तीन अँड गेट आणि एक ऑर गेट लागेल. एकूण सात.

आता गट पाडू. गटात चौकटी १, २, ४ किंवा ८ च असतात, गट जितका मोठा तितकी अक्षरं कमी, आणि एकच चौकट दोन गटांत आली तरी चालते. फुल्यांना १ धरलं तर वरची सगळी ओळ चारचा गट होते. त्या ओळीत B आणि C सगळे फेरे घेतात, ठाम राहतं ते फक्त A = ०; म्हणून हा गट म्हणजे नुसता A'. उरलेला १ आपल्या डोक्यावरच्या १ शी जोडी करतो. या उभ्या जोडीत A बदलतो, B = ० आणि C = १ कायम; म्हणून B'C. उत्तर आलं: F = A' + B'C. दोन नॉट, एक अँड, एक ऑर. सातावरून चार.

बहुतेक वह्यांत गणित इथे संपतं. टाकीवर मात्र ते इथे संपू नये.

फुल्यांना १ धरणं म्हणजे काय केलं? 'खालचा कोरडा आणि वरचा भिजलेला' असं दिसलं तर पंप चालू ठेव, असा हुकूम देऊन ठेवला. पाण्याच्या नियमाने ती अवस्था येणार नाही, पण तारेच्या नियमाने येते. खालच्या फ्लोटची दोरी अडकते, किंवा त्याची वायर तुटते. मग टाकी भरलेली असली तरी A कायम ० राहतो. F = A' + B'C मध्ये A' कायम १ झाला की बाकीचं काय म्हणतं याला अर्थच राहत नाही. वरचा फ्लोट चांगला भिजलेला आहे, ओरडून सांगतोय, तरी पंप चालूच. पहाटेच्या धारा लागतात त्या अशा.

म्हणून फुल्यांना ० धरून पाहू, आणि या वेळी एकांऐवजी शून्यांचे गट पाडू. उजवीकडचे दोन स्तंभ वरपासून खालपर्यंत शून्य झाले. चारचा गट, त्यात ठाम फक्त B = १. राहिलं खालच्या ओळीतलं अगदी डावीकडचं ०. त्याच्या उजवीकडे १, डोक्यावर १. एकटं पडल्यासारखं दिसतं. पण सुरळी आठवली की त्याचा दुसरा शेजारी सापडतो: त्याच ओळीतलं अगदी उजवीकडचं ०. या जोडीत A = १, C = ०, आणि B बदलतो. म्हणजे पंप बंद असण्याची अट झाली B + AC'. टाकी भरली असेल, किंवा पाणी खालच्या फ्लोटच्या वर असून पंप आधीपासून बंदच असेल तर. ही अट उलटवली की 'किंवा'चं 'आणि' आणि 'आणि'चं 'किंवा' होतं, प्रत्येक अक्षराची बाजू पलटते, आणि मिळतं:

```
F = B'(A' + C)
```

हेही चार गेटचंच सर्किट आहे: दोन नॉट, एक ऑर, एक अँड. एक पैसाही जास्त नाही. पण आता B' सगळ्यांच्या वर बसला आहे. खालचा फ्लोट बिघडून A कायम ० झाला तर सूत्र नुसतं B' उरतं. टाकी एका फ्लोटवर चालते. पंप काठाशी चालू-बंद करत धडपडतो, पाणी मात्र सांडत नाही. आणि तळापर्यंत न उतरता काठाशीच पंप खेळायला लागला, की खालचा फ्लोट तपासायचा हेही कळतं.

स्तंभ चुकून ००, ०१, १०, ११ असे मांडले तर? विद्यार्थ्यांची ही नेहमीची चूक. मग खालच्या ओळीतलं पहिलं ० आणि शेवटचं ० काठावरून जोडीदार वाटतात, पण ते आहेत ०० आणि ११ चे. त्यांच्यात B आणि C दोन्ही बदललेले. जोडीतून नुसता A उरतो आणि सूत्र होतं F = A'B'. असं सर्किट बसवलं तर पाणी खालच्या फ्लोटला लागताच पंप थांबेल आणि टाकी कधीच भरणार नाही. गट पाडून झाल्यावर आठही चौकटी सूत्रात घालून पडताळल्या तर ही चूक A = १, B = ०, C = १ या चौकटीत पकडली जाते.

सर्किट काढताना उजवीकडून सुरुवात केलेली बरी. शेवटी अँड गेट, त्यातून F बाहेर पडतो. त्याला दोन वाटा येतात: एक वरच्या फ्लोटकडून नॉटमधून आलेली, दुसरी ऑर गेटकडून. ऑरला खालचा फ्लोट नॉटमधून येऊन मिळतो, आणि त्याची दुसरी तार म्हणजे C, जी F कडूनच मागे वळवून आणलेली असते. पंप चालू आहे ही आठवण त्या मागे वळलेल्या तारेत राहते. बाजारात 7404 मध्ये सहा नॉट, 7432 मध्ये चार ऑर आणि 7408 मध्ये चार अँड गेट मिळतात. यांचं आउटपुट थेट पंपाला जोडायचं नसतं. मध्ये ट्रान्झिस्टर, रिले आणि मग कॉन्टॅक्टर लागतो.

दोन नॉटही वाचवता येतात. वरचा फ्लोट असा जोडायचा की टाकी भरली नसेल तोवर त्याचा संपर्क मिटलेला राहील; म्हणजे तारेवर थेट B' येतो. खालचा असा, की कोरडा पडला तरच मिटेल. म्हणजे थेट A'. आता कुठलीही वायर तुटली तर ० येतो आणि पंप बंदच्या बाजूला पडतो. नाहीतर वरच्या फ्लोटची वायर तुटणं हा बिघाड दोन्ही सूत्रांना पेलला नसता. उरले एक ऑर आणि एक अँड.

या उरलेल्या सर्किटला गावातला वायरमन लगेच ओळखतो. मोटरच्या स्टार्टरचं झाकण उघडलं की हेच आत असतं: लाल बटण सगळ्यांच्या आधी एका रांगेत, त्याच्या पुढे हिरवं बटण, आणि हिरव्याला समांतर जोडलेला होल्डिंग कॉन्टॅक्ट, जो बोट उचलल्यावर मोटर धरून ठेवतो. लाल बटणाच्या जागी वरचा फ्लोट, हिरव्याच्या जागी खालचा फ्लोट आणि होल्डिंग कॉन्टॅक्टच्या जागी C. वीज गेली की हा कॉन्टॅक्ट सुटतो. म्हणून भारनियमनानंतर वीज परत आली आणि टाकी अर्धी भरलेली असली, तर पंप आपोआप सुरू होत नाही. पाणी खालच्या फ्लोटखाली उतरेपर्यंत तो वाट पाहतो, आणि नकाशातली A = १, B = ०, C = ० ही चौकट हेच सांगत असते.