किमान रक्कम भरली, मुद्दल मात्र तेथेच

मांडवीच्या आसपास ज्यांच्या पेढ्या आहेत, त्यांना व्याजाचा हिशेब शिकविण्याचे धाडस आम्ही करीत नाही. याच नगरीत १९०८ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदाची स्थापना केली. त्याच्याही कितीतरी आधीपासून येथील वाणी-व्यापारी मिती, मुद्दल आणि मुदत यांचा मेळ चोपड्यात बिनचूक घालीत आले आहेत. तरीही गतवर्षी आमच्या एका सभासदाने आपल्या मोबाईलच्या पडद्याचे टिपलेले चित्र, ज्याला हल्ली स्क्रीनशॉट म्हणतात, आमच्यापुढे ठेवले, तेव्हा चोपड्यात मुरलेल्या माणसाचीही गफलत कोठे होते, हे आम्हांस कळून आले. तो हिशेब वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू होय.

ते चित्र म्हणजे क्रेडिट कार्डाचे मासिक पत्रक होते. सभासदाने १० जून रोजी कार्डावर ४०,००० रुपयांची खरेदी केली होती. पत्रक २० जूनला निघाले आणि पैसे भरण्याची मुदत १० जुलैपर्यंत होती. पडद्यावर दोन आकडे होते. Total Amount Due पुढे ४०,००० आणि त्याखाली Minimum Amount Due पुढे २,०००. दुकानात माल भरावयाचा असल्याने सभासदाने १० जुलैस २,००० रुपये भरले. मुदत पाळली, तेव्हा उरलेल्या ३८,००० वर मुदतीनंतरच्या दहा दिवसांचे काय ते व्याज लागेल, असा त्याचा समज होता. २० जुलैचे पत्रक आले, तेव्हा एकूण देणे ४०,०६४ रुपये निघाले! दोन हजार भरूनही देणे कमी होण्याऐवजी चौसष्ट रुपयांनी वाढले होते.

चूक कोठे झाली? सभासदाने कार्डाकडे मुदती हुंडीच्या नजरेने पाहिले. हुंडीची मुदत टळली तर व्याज पाकत्या तारखेपासून धरण्याची आपल्याला सवय आहे. कार्डाचा करार निराळा आहे. पूर्ण रक्कम मुदतीत भरली तरच मधले दिवस बिनव्याजी. ती पूर्ण न भरल्यास ती सवलतच मागे घेतली जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून चढते. म्हणजे दहा दिवसांचे नव्हे, तर १० जूनपासून २० जुलैपर्यंत चाळीस दिवसांचे.

आता आकडे पाहू. या कार्डाचा दर दरमहा साडेतीन टक्के, अर्थात वार्षिक ४२ टक्के होता. ३८,००० रुपयांवर त्या दराने एका दिवसाचे व्याज सुमारे ४३ रुपये ७३ पैसे होते. चाळीस दिवसांचे १,७४९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५ रुपये. मिळून २,०६४ रुपये झाले, आणि ते ३८,००० मध्ये मिळविले की ४०,०६४. येथे आम्ही व्याज भरणा वजा जाता उरलेल्या रकमेवरच धरले आहे, कारण रिझर्व्ह बँकेने मार्च २०२४ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. भरलेल्या दोन हजारांवरही भरणा होईतोपर्यंतच्या दिवसांचे व्याज लावले असते, तर आकडा आणखी काही रुपयांनी वर गेला असता.

मग या किमान रकमेचा उपयोग काय? ती भरल्याने विलंबशुल्क टळते आणि खाते थकीत ठरत नाही. याहून अधिक काही नाही. व्याज थांबविण्याशी तिचा संबंध नाही. पहिल्या पत्रकात व्याज मांडलेलेच नव्हते, म्हणून किमान रक्कम देण्याच्या पाच टक्के एवढीच होती. दुसऱ्या पत्रकात ती एकदम ३,९६४ झाली: व्याज आणि कर मिळून २,०६४, अधिक मुद्दलाचे पाच टक्के म्हणजे १,९००. किमान रक्कम भरीत राहूनही देणे वाढतच जावे, अशी तिची आखणी करू नये, हा निर्बंध रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत घातला. त्यामुळे देणे दर महिन्यास थोडे तरी उतरते. पण किती? नवी खरेदी मुळीच न करता कोणी अशीच किमान रक्कम भरीत राहिला, तर चौदा महिन्यांनी ४०,००० चे मुद्दल १९,५०० च्या आसपास येते आणि तेवढ्या अवधीत व्याज व कर मिळून सुमारे १६,००० रुपये गेलेले असतात.

आणि नवी खरेदी केलीच तर? येथे दुसरी खोच आहे. मागील बाकी उरली असेतोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आमच्या सभासदाने २५ जुलै रोजी १०,००० रुपयांचे सामान घेतले. २० ऑगस्टच्या पत्रकात त्या एका खरेदीवर २६ दिवसांचे व्याज आणि कर धरून ३५३ रुपये लागले होते, जरी त्या खरेदीची रक्कम भरण्याची मुदत अद्याप यावयाची होती.

लहान बाकीचीही तीच गत. समजा, कार्ड वापरातून गेले आहे आणि वार्षिक शुल्काचे ५०० रुपये व कर मिळून ५९० रुपये विसरून राहिले. मुदतीनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला की विलंबशुल्क लागू शकते. ते ५०० असेल, तर करासह आणखी ५९०, म्हणजे एका महिन्यात देणे दुप्पट. शुल्काचे टप्पे बाकीच्या रकमेप्रमाणे चढतात, म्हणून हजाराची रेषा ओलांडताच पुढील महिन्याचे शुल्क अधिक मोठे असू शकते. येथे बाकी वाढविते ते व्याज नव्हे, शुल्क होय.

दराला कायद्याची वरची मर्यादा असेल, या भरवशावर कोणी राहू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरविले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

आमच्या सभासदाने शेवटी काय केले? कार्डाचा वापर बंद ठेवला, बँकेकडून त्या दिवसापर्यंतचा चुकता आकडा मागविला आणि पेढीच्या कॅश क्रेडिट खात्यातून, जेथे व्याजाचा दर कार्डाच्या एक-तृतीयांशाहून कमी होता, सर्व रक्कम एकाच वेळी भरली. पत्रकातील आकडा भरून तो थांबला असता, तर पत्रकाची तारीख आणि भरण्याची तारीख यांमधील दिवसांचे व्याज पुढील महिन्यात पुन्हा उगवले असते, आणि ते पाहून खाते मिटले नाही की काय, असा घोर लागला असता. मागील बाकीच्या रकान्यात शून्य दिसल्यावरच त्याने कार्ड पुन्हा हाती घेतले.

आता तो पत्रक उघडताच किमान रकमेच्या आकड्याकडे पाहत नाही. आधी मागील बाकीचा रकाना पाहतो आणि मग Finance Charges ही ओळ शोधतो. तेथे काही रक्कम दिसली, तर बिनव्याजी दिवस गेले असे समजून त्याच दिवशी खाते चुकते करतो. चोपड्यात मात्र त्याने जुलैच्या पानावर ते २,०६४ रुपये लाल शाईने खतावले आहेत, आणि ते पान आपल्या मुलालाही दाखविले आहे.