चॅटच्या चकव्यातून बाहेर

रानात चकवा लागला की माणूस चालत राहतो आणि पुन्हा त्याच झाडाशी येऊन उभा राहतो, असं म्हणतात. ऑनलाइन खरेदीच्या अ‍ॅपमधला चॅट साधारण तसाच असतो. ‘माझा रिफंड कुठे आहे?’ हे बटण दाबलं की ‘तीन ते पाच कामकाजाचे दिवस थांबा’ असं उत्तर येतं. पाच दिवसांनी तेच बटण, तेच उत्तर. हे उत्तर खोटं असतं असं नाही. पण ते तुमच्या तक्रारीकडे बघून दिलेलं नसतं. ऑर्डरच्या नोंदीपुढे लिहिलेली अवस्था चॅटबॉट वाचून दाखवतो, एवढंच. ती नोंदच चुकली असेल तर तो चूकच पुनःपुन्हा वाचणार.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीतल्या एका शिक्षिकेने ३,४९९ रुपयांचा मिक्सर मागवला. भांड्याला तडा होता म्हणून परत पाठवला. डिलिव्हरीवाल्या मुलाने खोकं नेलं, अ‍ॅपवर ‘रिफंड प्रोसेस्ड’ असं हिरव्या अक्षरात आलं. पैसे यूपीआयने भरले होते आणि खात्यात काहीच जमा झालं नाही. अ‍ॅपच्या मते व्यवहार संपला आहे, त्यामुळे बॉटही तिला वाट बघायलाच सांगतो.

इथे पहिलं काम खऱ्या माणसापर्यंत पोचण्याचं. ‘रिफंड स्टेटस’ या बटणामागे तयार उत्तर ठेवलेलं असतं, म्हणून त्या वाटेने जाऊच नये. ‘इतर तक्रार’ किंवा ‘माझी अडचण यात नाही’ असा पर्याय निवडावा आणि उत्तर आलं की ‘याने समाधान झालं नाही’ म्हणावं. बऱ्याच ठिकाणी माणसाशी बोलण्याचं किंवा ‘कॉल बॅक’ मागण्याचं बटण त्यानंतरच उगवतं. टाइप करता येत असेल तर लांबलचक कैफियत लिहू नये. बॉट त्यातला एखादा शब्द पकडतो आणि पुन्हा रिफंडच्या यादीकडे नेतो. ‘एजंटशी बोलायचं आहे’ एवढंच लिहावं, पुन्हा लिहावं. ऑर्डर जुनी झाली असेल तर ती चॅटच्या यादीत दिसतही नाही. मग ‘माय ऑर्डर्स’मध्ये जाऊन त्या ऑर्डरच्या पानावरचं मदतीचं बटण शोधावं लागतं.

एक मोह मात्र टाळावा. वैतागून कंपनीचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधायचा आणि वर दिसेल तो फिरवायचा, हा. भामटे असे नंबर पेरून ठेवतात आणि रिफंडच्या नावाखाली स्क्रीन शेअर करायला लावतात किंवा यूपीआय पिन टाकायला सांगतात. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. नंबर अ‍ॅपमधलाच किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचाच घ्यावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवावं.

माणूस मिळाला की बहुतेक जण त्याच्यावर राग काढतात. त्या बिचाऱ्याच्या हातात फारसं काही नसतं. त्याच्यासमोरही तीच हिरवी अक्षरं असतात. त्याला एकच नेमका प्रश्न विचारावा: पैसे पाठवलेत, तर बँकेचा संदर्भ क्रमांक द्या. यूपीआयच्या व्यवहाराला बारा आकडी आरआरएन असतो, बरेच जण त्यालाच यूटीआर म्हणतात. कार्डाच्या रिफंडला एआरएन असतो. हा क्रमांक मिळाला तर तो घेऊन बँकेकडे जाता येतं, कारण मग पैसे कंपनीकडून निघालेत आणि वाटेत अडकलेत. आमच्या शिक्षिकेला मात्र अक्षरं-आकडे मिसळलेला ‘रिफंड आयडी’ मिळतो. तो कंपनीचा घरचा क्रमांक; बँकेला त्यावरून काही सापडत नाही. बँकेचा क्रमांक मागूनही मिळत नसेल, तर पैसे निघालेलेच नाहीत असं धरून पुढे चालायला हरकत नाही.

चॅट संपण्याआधी तिकीट क्रमांक मागून घ्यावा आणि स्क्रीनशॉट काढावेत, कारण चॅट मिटवला की मजकूर पुन्हा सापडेलच याची खात्री नाही. ‘तुमची तक्रार निवारण झाली आहे’ असा मेसेज येऊन तिकीट परस्पर बंद झालं, तर नवी तक्रार न टाकता त्याच क्रमांकाचा हवाला देऊन उत्तर द्यावं. नवं तिकीट म्हणजे नवी तारीख आणि पुन्हा तीन ते पाच दिवस. कंपनीच्या सोयीचं घड्याळ असं दर वेळी शून्यावर येत राहतं.

ते घड्याळ आपल्या बाजूने लावायचं ठिकाण म्हणजे ग्रीव्हन्स ऑफिसर, तक्रार निवारण अधिकारी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, पद, संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. नाव दिलेलं असतं, फक्त सहज दिसेल अशा जागी नसतं. अ‍ॅपमध्ये सापडलं नाही तर ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडून पानाच्या तळाशी जावं; तिथल्या बारीक अक्षरांत किंवा ‘टर्म्स ऑफ यूज’मध्ये शेवटाकडे ते असतं. खासगीपणाच्या धोरणात दिलेला अधिकारी कधी कधी वेगळा, केवळ माहितीच्या गोपनीयतेसाठीचा असतो, तेवढं पाहून घ्यावं.

या अधिकाऱ्याला ईमेल करावा, फोन नव्हे. तारीख हाती राहते. विषयाच्या ओळीत ऑर्डर क्रमांक आणि तिकीट क्रमांक. मजकूर दहा-बारा ओळींचा पुरे: काय घेतलं, किती पैसे कसे भरले, माल कधी परत नेला, अ‍ॅप काय म्हणतं, बँकेचा संदर्भ क्रमांक मागूनही कसा मिळाला नाही. मागणी एकच आणि स्पष्ट असावी: ‘३,४९९ रुपये मूळ खात्यात जमा करा, किंवा जमा केल्याचा आरआरएन कळवा.’ सोबत पिकअपच्या पावतीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट, आणि माल परत नेल्याच्या तारखेपासूनचा बँक खात्याचा उतारा जोडावा. हा उतारा महत्त्वाचा, कारण ‘आम्ही पाठवले’ या दाव्याला तोच उत्तर देतो. उताऱ्यातले बाकीचे व्यवहार झाकून टाकले तरी चालतात.

हा अधिकारी कंपनीचाच पगारी माणूस असतो, हे विसरून चालत नाही. तरी त्याच्या टेबलावरची तक्रार चॅटमधल्या तक्रारीसारखी आपोआप बंद करणं अवघड असतं. पोच आली नाही, किंवा महिना उलटला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करावा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीतही बोलता येतं. अनेक मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत आणि तक्रार थेट त्यांच्याकडे जाते. मात्र हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती मध्यस्थीच करते.

आदेश देतो तो जिल्हा ग्राहक आयोग. दावा आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असो की गुरगावला. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही, e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येतो आणि वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. साडेतीन हजारांसाठी कोण तारखांना जाणार, हा प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळ जण इथे सोडून देतात. माझ्या मते निदान अधिकाऱ्याला पाठवायच्या दुसऱ्या ईमेलात आयोगात जाण्याची तारीख लिहून टाकावी आणि ती पाळण्याची तयारी ठेवावी. दावा केलाच तर रिफंडच्या रकमेसोबत व्याज, मनस्तापाची भरपाई आणि दाव्याचा खर्चही मागावा. मध्येच कंपनीने मूळ खात्याऐवजी अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये पैसे टाकायची तयारी दाखवली, तर ते घ्यायचे की नाही हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं, कारण ते स्वीकारलं की तक्रार मिटली अशी नोंद कंपनी लगेच करते.