एजन्सीला निरोपाचं पत्र

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखानदाराचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते. ऑनलाइन विक्रीसाठी त्यांनी पुण्यातली एक जाहिरात एजन्सी वर्षभराच्या करारावर नेमली. फी महिना 35 हजार, जाहिरातींचा खर्च वेगळा 60 हजार. सहा महिन्यांत 5 लाख 70 हजार गेले आणि ऑर्डरी आल्या 380. एका ऑर्डरमागे खर्च 1,500 रुपये, आणि ऑर्डर सरासरी 1,200ची! एजन्सीचे अहवाल मात्र दर महिन्याला गुटगुटीत: इतक्या लाख लोकांनी जाहिरात पाहिली, इतके लाइक. लाइकने गोदाम रिकामं होत नाही.

अशा वेळी पहिलं पत्र रागात लिहिलं जातं. ‘तुम्ही करार मोडलात, आता एक पैसा देणार नाही.’ मालक अडकतो तो इथेच. अशा करारांत एजन्सी सहसा कामाची हमी देते, विक्रीची नाही. त्यामुळे माल खपला नाही म्हणून तिने करार मोडला असं ठरत नाही. उलट झालेल्या कामाचं बिल अडवलं, तर करारभंगाचा ठपका आपल्यावर येतो. म्हणून आधी करारातलं नोटिशीचं कलम शोधावं आणि पत्र त्यावर उभं करावं. निकालाचे आकडे कारण म्हणून सांगावेत, आरोप म्हणून नव्हे.

आमच्या कारखानदारांचं पत्र असं होईल:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या करारातील कलम 9नुसार 30 दिवसांची नोटीस देऊन हा करार संपवत आहे. सहा महिन्यांत एका ऑर्डरमागचा खर्च ऑर्डरच्या रकमेहून जास्त राहिला. मार्चमध्ये आपण याबद्दल बोललो होतो, त्यानंतरही फरक पडला नाही. नोटीस काळातील फी वेळेवर देईन. नव्या जाहिराती आजपासून थांबवाव्यात. आपल्या टीमने फोटोंवर घेतलेली मेहनत मला ठाऊक आहे, त्याबद्दल आभार.’

यात ‘पुढे बघू’ किंवा ‘सध्या तरी’ असं काही नाही. तसं लिहिलं की समोरून सवलतीचा फोन येतो आणि आणखी दोन महिने जातात.

करारात मुदतीआधी सोडल्यास दंड लिहिला असेल, तरी घाबरून पूर्ण रक्कम भरायची घाई नको. भारतीय करार कायदा, 1872च्या कलम 74नुसार वाजवी भरपाईच मिळते आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. मात्र हे वकिलाला दाखवूनच ठरवावं.

पत्र धाडण्याआधी एक काम उरकावं. वेबसाइटचं डोमेन, फेसबुक पान आणि जाहिरातींचं खातं कोणाच्या नावावर आहे ते तपासावं. एजन्सीच्या ईमेलवर उघडलेलं असेल, तर मालकी हक्क आपल्याकडे देण्याची तारीख पत्रातच घालावी, आणि शेवटचं बिल चुकतं होण्याआधीची घालावी. नोटीस कुठे आणि कशी पाठवायची हेही करारात असतं. तिथे ईमेल आणि स्पीड पोस्ट लिहिलं असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेल्या पत्रावर भिस्त ठेवू नका.