प्रातिकामीच्या तोंडून द्यूतसभा

द्रौपदीला दुःशासनाने फरफटत सभेत आणलं, हे सगळ्यांना ठाऊक. पण आधी तिला बोलवायला गेला होता प्रातिकामी, दुर्योधनाचा सूत. विदुराने नकार दिला आणि काम याच्या गळ्यात पडलं. सभापर्व गौण पात्राकडून सांगायचं तर माझी पसंती यालाच. सभा आणि द्रौपदीचा महाल, दोन्हीकडे हेलपाटे घालणारा हाच.

आजच्या भाषेत तो असं काहीसं म्हणेल: “साहेब म्हणाले, घेऊन ये. बाईंनी उलट विचारलं, राजा आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? मी भर सभेत विचारलं. धर्मराज गप्प. साहेब म्हणाले, तिलाच इथे येऊन विचारू दे. म्हणजे पुन्हा मीच जायचं!”

फक्त त्याला बंडखोर करायचा मोह टाळा. मूळ कथेत तो हुकूम धुडकावत नाही. पुन्हा जा म्हटल्यावर द्रौपदीच्या रागाला घाबरून तो सभेलाच विचारतो, मी तिला काय सांगू? दुर्योधनाला वाटतं, हा भीमाला घाबरला. मग दुःशासन उठतो. नोकरमाणसाची ही चालढकल जशीच्या तशी ठेवा. भाषा मात्र हवी तेवढी आजची करा.